फॉर्म १६ चा भाग अ आणि २६एएस जुळतात, पण पगारातून कापलेले १३,२८० रुपये दोन्हीकडे नाहीत

सातपुडा_पायथा | १८ जून २०२५, रात्री ९:४०

चोपडा तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दरवर्षी रिटर्न सहकारी सर भरून द्यायचे, ते यंदा निवृत्त झाले. म्हणून मी स्वतः भरायला बसले आणि अडकले.

सोमवारी शाळेतून फॉर्म १६ मिळाला. मग आयकराच्या पोर्टलवर जाऊन `e-File > Income Tax Returns > View Form 26AS` असं करत पॅनवर जमा झालेला कर दाखवणारं २६एएस उघडलं. फॉर्म १६ च्या भाग अ मध्ये एकूण कपात ३३,००० रुपये. २६एएस मध्येही शाळेच्या नावापुढे ३३,०००. जुळलं म्हणून मी खूश.

सवय म्हणून पगारपत्रकांची फाईलही काढली. दर महिन्याला ३,००० असे अकरा महिने कापलेत, ते झाले ३३,०००. मार्चमध्ये हातात पडलेल्या फेब्रुवारीच्या पगारातून उरलेला सगळा कर एकदम कापला, १३,२८०. म्हणजे एकूण ४६,२८० व्हायला हवेत.

फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये एकूण पगार १०,२०,००० आणि देय कर ४६,२८० असाच लिहिलाय. (महागाई भत्ता वाढला तसा पगार थोडा बदलला, पण समजायला सोपं म्हणून इथे महिन्याला ८५,००० धरलेत.) २६एएस मध्ये मात्र पगारही ९,३५,००० च दिसतो.

रिटर्नमध्ये कोणता आकडा लिहायचा? आणि ते १३,२८० गेले कुठे?

---

केळीबाग_रावेर | १८ जून, रात्री १०:१५

ताई, सरकार २६एएस सोडून काही बघत नाही. तिथे ३३,००० आहेत ना, मग ३३,००० च लिहा. फॉर्म १६ शी जुळतंय म्हणजे कागदोपत्री सगळं बरोबर आहे. पगारही २६एएस प्रमाणे ९,३५,००० दाखवा, म्हणजे करही कमी बसेल आणि फरक फार राहणार नाही. मी मागे असंच केलं होतं, नोटीस आली नाही.

---

भुसावळ_जंक्शन | १८ जून, रात्री १०:३२

माझ्याकडेही हाच गोंधळ आहे. मागच्या चार वर्षांचं फरक बिल एकदम मिळालं आणि कर भरमसाट कापला गेला. १०ई फॉर्म भरला की सूट मिळते म्हणतात. तो रिटर्नच्या आधी भरायचा की नंतर? ताईंनीही १०ई भरावा, म्हणजे १३ हजार परत येतील.

---

अमळनेरचा_हिशेबनीस | १९ जून, सकाळी ७:०५

भुसावळकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. १०ई रिटर्नच्या आधीच भरायचा, पण तो थकबाकीवरचा कर हलका करण्यासाठी असतो. ताईंचा कर बरोबर कापलाय, तो फक्त त्यांच्या खात्यावर चढलेला नाही. १०ई भरून त्यांचं काही होणार नाही. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

ताई, आता तुमचं. मी बावीस वर्षं शाळा, पतसंस्था आणि दोन जिनिंग मिलची टीडीएसची विवरणं भरतोय. तुमच्या घोळातली एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून ती आधी सांगतो.

भाग अ आणि २६एएस जुळले याचा आनंद मानू नका. दोन्ही एकाच विहिरीचं पाणी आहे. तुमची शाळा दर तिमाहीला २४क्यू नावाचं विवरण भरते. त्यात कोणाच्या पॅनवर किती पगार आणि किती कर, याची एकेक ओळ असते. टीडीएसचं सरकारी पोर्टल ट्रेसेस त्या ओळींवरून तुमचं २६एएस भरतं आणि त्याच ओळींवरून शाळेला भाग अ काढून देतं. विवरणात तुमची एक ओळ चुकली तर ती दोन्हीकडे सारखीच गहाळ होते. म्हणून ते दोन आकडे एकमेकांशी जवळपास नेहमी जुळतात आणि माणूस निर्धास्त होतो.

भाग ब चा उगम वेगळा आहे. चौथ्या तिमाहीच्या विवरणाला वर्षभराच्या पगाराचं एक स्वतंत्र परिशिष्ट असतं, भाग ब त्यातून येतो. तिथे तुमचा पूर्ण पगार आणि पूर्ण कर बरोबर नोंदलाय. त्यामुळे खरी तुलना तुम्ही केली तीच, एका बाजूला पगारपत्रकं आणि भाग ब, दुसऱ्या बाजूला २६एएस. फाईल काढलीत ते फार बरं झालं.

४६,२८० हा आकडाही ताडून बघितला. १०,२०,००० मधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ९,४५,००० उरतात. २०२४-२५ च्या नव्या पद्धतीत ३ ते ७ लाखांवर २०,०००, पुढच्या २,४५,००० वर २४,५००, मिळून ४४,५००. त्यावर ४ टक्के उपकर १,७८०. बेरीज ४६,२८०. म्हणजे शाळेने कापलेला कर अचूक आहे.

रावेरच्या भाऊंना एक विनंती, पगार ९,३५,००० दाखवायचा सल्ला कोणालाही देऊ नका. ओळ गहाळ झाली म्हणून उत्पन्न गहाळ होत नाही. त्याच विवरणाच्या परिशिष्टात १०,२०,००० विभागाकडे पोचलेले आहेत. पगार पूर्णच दाखवायचा, त्यात दुसरा पर्याय नाही.

ताई, आता दोन गोष्टी बघून सांगा. २६एएस मध्ये शाळेच्या नावाशेजारचं अधिकचं चिन्ह दाबलं की महिन्यागणिक ओळी उघडतात. अकराच आहेत का, आणि `Status of Booking` च्या रकान्यात प्रत्येकीपुढे कोणतं अक्षर आहे? दुसरं, स्टाफरूममध्ये दोनतीन जणांना त्यांचं २६एएस उघडायला सांगा. त्यांची मार्चची ओळ आहे का?

---

धुळे_देवपूर | १९ जून, सकाळी ११:२०

हिशेबनीस, भाग अ आणि २६एएस जुळत नाहीत असंही मी पाहिलंय. आमच्या संस्थेच्या फॉर्म १६ मध्ये जास्त कर होता, २६एएस मध्ये कमी.

---

अमळनेरचा_हिशेबनीस | १९ जून, दुपारी १:४५

असं होण्याची दोन कारणं मी पाहिली आहेत. भाग अ काढल्यानंतर शाळेने विवरण दुरुस्त केलं असेल तर जुना कागद मागे राहतो. भाग अ वर वरच्या बाजूला `Last updated on` अशी तारीख असते ती बघा. दुसरं कारण वाईट आहे. काही ठिकाणी अजून एक्सेलमध्ये टाईप करून फॉर्म १६ देतात. त्यावर ट्रेसेसचा शिक्का नसतो आणि `Certificate No.` ही नसतो. तो कागद म्हणजे फक्त कापणाऱ्याचं म्हणणं. तुमच्या कागदावर हे दोन्ही आहेत का ते आधी बघा.

---

सातपुडा_पायथा | २० जून, संध्याकाळी ६:१०

बघितलं. अकराच ओळी आहेत, सगळ्यांपुढे `F`. मार्चची ओळ नाहीच.

मधल्या सुट्टीत चौघांनी आपापलं २६एएस उघडलं. चौघांचीही मार्चची ओळ आहे आणि पुढे `F` आहे. फक्त माझीच नाही. आता जास्तच काळजी वाटायला लागलीय. हेडक्लार्क म्हणाले, "सगळं भरलंय मॅडम, चलनही आहे, तुमच्या बाजूनेच काही तरी असेल."

---

अमळनेरचा_हिशेबनीस | २० जून, रात्री ८:३०

उलट काळजी कमी झाली. पैसे सरकारजमा झालेत हे जवळपास नक्की.

कसं ते सांगतो. शाळेने चौथ्या तिमाहीचं विवरण भरलंच नसतं तर जानेवारी आणि फेब्रुवारीच्या ओळीही नसत्या, आणि कोणाच्याच नसत्या. चलनाचा नंबर किंवा तारीख विवरणात चुकली असती तर ओळी दिसल्या असत्या, पण पुढे पक्क्या जमेच्या `F` ऐवजी न जुळल्याचं `U` असतं, तेही सगळ्यांना. चलनात पैसे कमी आणि विवरणात वाटप जास्त झालं असतं तर `O`. तुमच्याकडे यातलं काही नाही. बाकी चौघांची ओळ पक्की आणि एकट्या तुमची ओळच नाही, म्हणजे बहुतेक ती ओळ दुसऱ्या कोणत्या तरी पॅनवर गेलीय. बहुधा पॅनमधला एखादा आकडा चुकलाय.

"अकरा महिने बरोबर आणि बाराव्यात चूक कशी" असं तुमचे हेडक्लार्क विचारतील. मार्चचा कर बहुतेक शाळांत वेगळ्या चलनाने भरला जातो, कारण कोणाचा किती उरला याचा हिशेब शेवटच्या क्षणी होतो. विवरण भरणारा त्या चलनाखालच्या ओळी नव्याने टाईप करतो. तपासणारं सॉफ्टवेअर पॅनचा साचा बघतं, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. आकडे उलटसुलट झाले तरी साचा बसतो आणि विवरण पुढे जातं.

अशी चूक शोधायची एक हमखास खूण आहे. चुकलेला पॅन अस्तित्वातच नसेल तर विभाग त्या ओळीला बिनपॅनची समजतो आणि २० टक्क्यांनी कर मागतो. ८५,००० चे २० टक्के १७,०००, कापले १३,२८०. कमी पडले ३,७२०. शाळेच्या ईमेलवर किंवा ट्रेसेसच्या खात्यात चौथ्या तिमाहीसाठी एवढ्याच रकमेची, वर थोडं व्याज धरून, कमी कपातीची सूचना पडलेली असेल. हेडक्लार्कना ती शोधायला सांगा. सापडली की वाद संपला. नाही सापडली तर तो पॅन दुसऱ्या कोणा खऱ्या माणसाचा असू शकतो. तुमचे १३,२८० त्याच्या २६एएस मध्ये दिसत असतील आणि त्यालाही कळत नसेल की हे कुठून आले.

आता अर्ज द्या, पण "माझा टीडीएस दिसत नाही" एवढंच लिहू नका. तुमच्या विवरण भरणाऱ्याला शोधायला सोपं जाईल असं लिहा: २०२४-२५ ची चौथी तिमाही, फेब्रुवारीचा पगार, रक्कम ८५,०००, कपात १३,२८०, आणि भाग अ मध्ये चौथ्या तिमाहीपुढे असलेला पावती क्रमांक. सोबत पॅनची झेरॉक्स आणि त्या महिन्याचं पगारपत्रक जोडा. मुख्याध्यापकांची पोच घ्या. दुरुस्ती फक्त शाळाच करू शकते. तुमच्या हातात ना २६एएस दुरुस्त करणं आहे, ना भाग अ.

---

केळीबाग_रावेर | २० जून, रात्री ९:०५

पगाराबाबत माझं चुकलं, मान्य. पण कराबाबत मी अजून म्हणतो, आता ३३,००० च दाखवा, १३,२८० खिशातून भरा आणि मोकळे व्हा. शाळा दुरुस्ती कधी करेल कोण जाणे. नोटीस येण्यापेक्षा परवडलं.

---

अमळनेरचा_हिशेबनीस | २० जून, रात्री ९:४०

एकच कर दोनदा का भरायचा? यंदा मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलीय, वेळ आहे. आधी दुरुस्ती, मग रिटर्न.

मुदत संपत आली तरी ओळ आली नाही, तर मी ताईंना ४६,२८० च मागायला सांगेन, पगारपत्रक हाताशी ठेवून. मग बंगळूरहून सूचना येईल की ३३,००० च मान्य, बाकी व्याजासह भरा. शाळेने दुरुस्ती केली की पोर्टलवर रेक्टिफिकेशनमध्ये `Tax credit mismatch correction` निवडून ती मागणी काढता येते. तुमच्या मार्गाने गेलं तर उलट होतं. मागणी येत नाही, पण न मागितलेला कर तसाच पडून राहतो आणि तो परत घ्यायला ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरावं लागतं. तोवर शाळेने दुरुस्ती केली नाही तर तेही जातं.

---

चाळीसगाव_पाटणादेवी | २१ जून, सकाळी ८:५०

मी सीए आहे. हिशेबनीसांशी बहुतेक सहमत, एका ठिकाणी नाही. ज्यांना कर्जासाठी स्वच्छ रिटर्न हवंय किंवा मागणीच्या सूचनेने झोप उडते, त्यांना मी फरक भरून टाकायलाच सांगते. माझ्याकडच्या दोन शिक्षकांच्या शाळांनी दुरुस्ती दोन वर्षं केली नाही. मागणी खात्यावर तशीच राहिली आणि पुढच्या वर्षीचा रिफंड तिच्यात वळता झाला. नियमाने हिशेबनीसांचा मार्ग बरोबर आहे, पण शाळा किती हलते यावर सगळं ठरतं.

आणि एक, एआयएस या वार्षिक माहिती विवरणात जाऊन "ही माहिती चूक आहे" असा अभिप्राय टाकला की काम झालं असं समजू नका. कराची जमा त्याने वाढत नाही. त्यासाठी कापणाऱ्याचं दुरुस्ती विवरणच लागतं.

---

शिरपूर_अरुणावती | २१ जून, दुपारी ३:१५

मनं बी असंच व्हयेल शे, पण माझं दुखणं जुनं आहे. मी एका कारखान्यात लेखनिक होतो, तो आता बंद आहे. २०१७-१८ ला पगारातून ३८,००० कर कापला, भरलाच नाही. फॉर्म १६ दिला नाही, २६एएस मध्ये एक ओळ नाही. मी रिटर्नमध्ये ३८,००० दाखवले, तर तेवढीच मागणी आली. तेव्हापासून दरवर्षी रिफंड कापून घेतात. कारखान्याच्या गेटला कुलूप आहे. अर्ज कोणाला देऊ?

---

अमळनेरचा_हिशेबनीस | २१ जून, रात्री ८:००

भाऊ, तुमची गोष्ट ताईंसारखी नाही. त्यांचे पैसे भरलेत पण नाव चुकलंय, तुमचे भरलेच नाहीत. कायद्याचं कलम २०५ तुमच्या बाजूने आहे. पगारातून कर कापला गेला असेल तर तोच कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये पगाराच्याच एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही जून २०१५ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना कळवलंय की अशी मागणी कर्मचाऱ्यावर जबरदस्तीने लादू नका.

अडचण अशी की पैसे जमा नसल्यामुळे यंत्रणा तुम्हाला जमाही देत नाही. मागणी कागदावर राहते आणि रिफंड आला की आपोआप वळता होतो. पोर्टलवर `Response to Outstanding Demand` मध्ये मागणी अमान्य असल्याचं नोंदवा. तुमच्या हद्दीच्या आयकर अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. सोबत पगारपत्रकं आणि कापून उरलेला पगार खात्यात आल्याचं दाखवणारं बँकेचं पान जोडा. पगारातून कर कापला गेला हे सिद्ध करणं तुमच्यावर आहे.

---

शिरपूर_अरुणावती | २१ जून, रात्री ९:२०

अमान्य नोंदवून तीन वर्षं झाली. बँकेचं पान आहे, पगारपत्रकं पाचच महिन्यांची सापडली. बाकीची कारखान्यात.

---

चाळीसगाव_पाटणादेवी | २२ जून, सकाळी ९:१०

पाच महिन्यांची पत्रकं आणि बारा महिन्यांच्या बँक नोंदी ताडून तक्ता करा. एकूण पगार तोच असेल आणि खात्यात येणारी रक्कमही दर महिन्याला तेवढीच असेल, तर कपातीचा अंदाज बांधता येतो. अधिकारी मान्य करेलच असं मी सांगू शकत नाही. माझ्या एका अशिलाचं मान्य झालं, एकाचं अजून पडून आहे. वळता केलेला रिफंड परत मिळवायचा तर बहुधा उच्च न्यायालयापर्यंत जावं लागेल, आणि ३८,००० साठी ते झेपतं का हे तुम्हीच ठरवा.

---

नंदुरबार_उपकेंद्र | २३ जून, दुपारी १२:४०

मी सरकारी आरोग्य सेवेत आहे. माझ्या शेवटच्या ओळीपुढे `F` नाही, `P` आहे. माझंही चुकलंय का?

---

अमळनेरचा_हिशेबनीस | २३ जून, रात्री ७:५०

नाही. `P` म्हणजे तात्पुरती जमा, ती फक्त सरकारी कार्यालयांच्या बाबतीत दिसते. अजून महिनाभर बघा. `F` झालं नाही तर तुमच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या टेबलावर विचारा.

---

सातपुडा_पायथा | १३ जुलै, रात्री ९:३०

सगळ्यांना कळवायला आले.

अर्ज तुम्ही सांगितला तसाच दिला. हेडक्लार्क आधी नाराज झाले, पण मी ३,७२० चा आकडा कागदावर लिहून दिला होता. त्यांनी शाळेचा ईमेल उघडला तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच सूचना येऊन पडली होती. कमी कपात ३,७०० च्या घरात, खाली थोडं व्याज. कोणी उघडलीच नव्हती. मार्चच्या चलनाखाली माझ्या पॅनचे दोन आकडे अदलाबदल झाले होते. विवरण भरणाऱ्यांनी १ जुलैला दुरुस्ती पाठवली. आज २६एएस उघडलं तर बारावी ओळ आलीय, ८५,००० पगार, १३,२८० कर, पुढे `F`. आता बेरीज ४६,२८०.

पण रिटर्न उघडलं तर करकपातीच्या तक्त्यात अजून ३३,००० च भरून येतायत, आणि खाली "देय कर १३,२८०" आणि व्याज दिसतंय. २६एएस बरोबर असून असं का?

---

अमळनेरचा_हिशेबनीस | १३ जुलै, रात्री १०:०५

तुम्ही मागे एकदा रिटर्न उघडून अर्धवट ठेवलं होतं का? तो मसुदा जुनी माहिती धरून बसतो. मसुदा टाकून द्या आणि नव्याने सुरू करा. तरी ३३,००० च आले तर तो आकडा हाताने ४६,२८० करा, शाळेचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, तोच ठेवा. दोन्ही वेळी पगाराच्या तक्त्यात १०,२०,००० आहेत ना ते बघा.

आणि शाळेकडून भाग अ नव्याने मागून घ्या. तुमच्याजवळचा अजून ३३,००० चाच आहे.

---

सातपुडा_पायथा | १४ जुलै, सकाळी ६:५०

हो, १८ जूनचाच मसुदा होता. नव्याने उघडल्यावर ४६,२८० आले, देय कर शून्य. पगाराच्या तक्त्यात आधीही १०,२०,००० होते, आताही तेच आहेत. आज शाळेत नवा फॉर्म १६ मागते.

---

शिरपूर_अरुणावती | १४ जुलै, सकाळी ८:१५

ताई, तुमचं झालं, बरं वाटलं. मी तक्ता करायला घेतलाय. सात महिन्यांच्या बँक नोंदी जुळल्या, डिसेंबरला खात्यात रक्कम जास्त आलीय. त्या महिन्यात बोनस होता की कर कापलाच नव्हता, हे आठवत नाही. त्या काळात तिथे असलेलं कोणी इथे असेल तर सांगा.